नोंद क्रमांक चारशे बारा

धुळ्यात देवपूर भागात चुडामण बोरसेबद्दल विचारलं तर लोक दोन गोष्टी सांगतात. माणूस सरळ आहे, आणि माणूस घुमा आहे. दोन्ही खरं आहे. वडील साक्री डेपोत कंडक्टर होते, त्यांच्याकडून त्याला तिकिटाच्या पेटीसारखं नीटनेटकं डोकं मिळालं. बोलण्याची हौस मात्र वडिलांनी स्वतःजवळच ठेवली. चुडामणने आधी पंधरा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, क्लासची बाकं रिकामी पडली, तसा तो त्या फोनांतलीच अ‍ॅप बनवायला लागला. दूध डेअरीचं एक, शाळेचं एक, आणि ज्याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता ते पिंपळनेरच्या आरोग्य संस्थेचं.

संस्था तशी लहानच. धुळ्यातले कापडाचे व्यापारी इंदरचंदजी तिचे अध्यक्ष. सहा नर्सा, एक गाडी आणि डोंगरकडेचे चाळीसेक पाडे. पाड्यांवर रेंज नाही. म्हणून चुडामणने अ‍ॅप असं केलं होतं की प्रत्येक नर्सच्या फोनमध्ये सगळ्या गरोदर बायांच्या नोंदींची प्रत राहायची. नर्स डोंगरात जाऊन त्या प्रतीवर लिहायची, आणि खाली रेंजमध्ये आली की फोन सगळं मुख्य कॉम्प्युटरला पोचवायचा आणि तिकडचं नवं घेऊन यायचा. याला नर्सा 'सिंक मारणं' म्हणत. सिंक झालं की हिरवी बरोबरची खूण यायची. ती खूण चुडामणने स्वतः काढली होती, आणि चांगली गोलमटोल काढली होती.

आता एकाच बाईची नोंद दोन फोनांवर दोघींनी बदलली तर? हा प्रश्न त्याला सुचला नव्हता असं नाही. सुचला, आणि त्याने तो चार ओळींत मिटवला. प्रत्येक नोंदीवर ती जतन केल्याची फोनमधली वेळ असायची. दोन नोंदी भांडल्या तर ज्या नोंदीची वेळ नंतरची ती राहायची, आधीची जायची. शेवटी जो लिहील त्याचं खरं. शिवाय पाडे नर्सांमध्ये वाटून दिलेले. एकीच्या बाईला दुसरी कशाला हात लावेल? चार ओळी लिहून त्याने चहा मागवला होता, हेही त्याला पुढे आठवलं. माणसाला नको ते नेमकं आठवतं.

डिसेंबरात इंदरचंदजींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ होता, पण शब्द मोजून येत होते.

"चुडामणजी, चमेलीबाई धना नावाच्या पेशंटची पूर्ण नोंद छापून पाठवा. आणि नोव्हेंबरात हेमलता सिस्टरनी भेट दिली होती का नाही, ते तुमच्या सहीने लिहून द्या."

चमेलीबाई तेवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. नवरा धना तिला घेऊन गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. तिथे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. अंगात रक्त नव्हतंच. होतं ते गेलं. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच ती गेली, आणि मूलही राहिलं नाही. पाड्यावर बातमी आली तेव्हा हेमलता सिस्टर सगळ्यांसमोर बोलली की मी चौदा नोव्हेंबरला तिला तपासलं होतं, रक्त सहा पूर्णांक एक निघालं होतं, अतिजोखमीत टाकलं होतं, आणि जिल्हा रुग्णालयात न्यायच्या गाडीच्या यादीत तिचं नाव यायला हवं होतं. यादीत नाव नव्हतं. गाडी गेली नाही. अ‍ॅपमध्ये तर नोव्हेंबरची भेटच नव्हती.

चुडामणने मुख्य कॉम्प्युटर उघडला. चमेलीबाईच्या नोंदीत शेवटची तपासणी सप्टेंबरची, रक्त नऊ पूर्णांक चार, जोखीम साधारण. बारा नोव्हेंबरला नूतन सिस्टरने फक्त मोबाईल नंबर आणि पत्ता बदललेला. हेमलताचं काहीही नाही. त्याने छापलं, आणि खाली लिहिलं: 'सदर कालावधीत हेमलता सिस्टर यांची कोणतीही नोंद आढळत नाही.' सही केली. मशीन खोटं बोलत नाही, असं तो क्लासमध्ये मुलांना पंधरा वर्षं सांगत आला होता. स्वतः तेच खरं मानून बसला.

त्या दोन ओळींच्या कागदावर हेमलताला घरी बसवलं. न गेलेली भेट गेले म्हणून सांगते, वर मेलेल्या बाईच्या नावाने खोटं बोलते, असं पिंपळनेरच्या बाजारात बायका बोलायला लागल्या. एकोणीस वर्षं डोंगर तुडवलेली बाई, पण बदनामीला वर्षं लागत नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळच्या एसटीने धुळ्याला आली. चुडामणच्या जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्याला वाटलं वीजबिलवाला असेल. दारात हेमलता उभी होती, हातात पिशवी. तिला बघून चुडामण खुर्चीतून उठला आणि परत बसला. माणूस घुमा, त्यात अपराधी नाही अशी खात्री. म्हणजे बोलायला काही उरलंच नाही.

"चुडामणभाऊ, भांडाले नही उनू मी," ती म्हणाली. पिशवीतून तिने संस्थेचा फोन काढून टेबलावर ठेवला. "हाऊ फोन सोमवारे परत देना शे. त्या आधी तुम्ही एकदाव आतमा देखी ल्या. मी टाकं व्हतं, भाऊ. मन्हा हातनी टाकं व्हतं."

"सिस्टर, मी बघितलंय. वर काहीच नाही."

"वर नही शे ते माले बी माहीत शे. आते तर मन्हा फोनमा बी नही शे. हिरवी खूण उनी, आणि नंतर उघाडी देखं तं नऊ पूर्णांक चार. माले वाटनं माले भूल पडनी. मग वाटनं, येडी व्हयी गयी का मी."

तिच्या फोनमधूनही गेलं, हे ऐकून चुडामणची मान वर झाली. न लिहिलेली गोष्ट जाणार कुठून? त्याने फोनला वायर जोडली.

अ‍ॅप बनवताना त्याने स्वतःच्या सोयीसाठी एक रोजनिशी आत ठेवली होती. फोनवर काहीही जतन केलं की त्या रोजनिशीत एक ओळ पडायची: अनुक्रमांक, फोनची तारीख-वेळ आणि जे लिहिलं ते सगळं. काम संपल्यावर ती काढून टाकायची होती. राहून गेली. चुडामणच्या हातून आयुष्यात जी थोडीफार पुण्यं घडली त्यातलं हे एक, आणि तेही आळसाने.

तो ओळी खाली सरकवत गेला. चारशे दहा, चौदा नोव्हेंबर, सकाळ, दुसरीच कुणी बाई. चारशे अकरा, चौदा नोव्हेंबर, दुपार. चारशे बारा. चमेलीबाई धना. रक्त सहा पूर्णांक एक. पायावर सूज. अतिजोखीम, होय. जिल्हा रुग्णालय, होय. तारीख अकरा नोव्हेंबर. चारशे तेरा, पुन्हा चौदा नोव्हेंबर.

त्याने ओळ तीनदा वाचली. चारशे अकरानंतर चारशे बारा नीट आला होता, पण तारीख तीन दिवस मागे गेली होती. घड्याळ असं स्वतःहून मागे जात नाही.

"सिस्टर, ही अकरा तारीख कशी?"

मग तिने सांगितलं. आणि जे सांगितलं ते सहाही नर्सांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अ‍ॅप बनवणाऱ्याला आणि संस्था चालवणाऱ्याला.

भेट ठरल्या तारखेपासून सात दिवसांत व्हायला हवी, असा संस्थेचा नियम. इंदरचंदजींच्या सांगण्यावरून चुडामणनेच फॉर्मला कुलूप घातलं होतं: आठवा दिवस उजाडला की 'भेट चुकली' असं लाल अक्षरांत यायचं आणि पुढे काही लिहिताच यायचं नाही. चमेलीबाईची मुदत बारा नोव्हेंबरला संपत होती. त्या आठवड्यात हेमलताला सरकारी लसीकरणाच्या कामाला जुंपलं होतं. पाड्यावर पोचायला चौदा उजाडली. बाईचे पाय सुजलेले, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या, आणि फॉर्म म्हणतो भेट चुकली. मग नर्सा करायच्या तेच तिने केलं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख तीन दिवस मागे नेली. कुलूप उघडलं. लिहिलं, जतन केलं, तारीख परत जागेवर आणली.

"बठ्ठ्याज करतस, भाऊ," ती म्हणाली. "नही करं तं बाईनं रक्त कोठे लिहू? भिंतवर?"

चुडामणच्या डोक्यात चार ओळी चालू झाल्या होत्या, आणि त्या कुठे जाऊन थांबणार हे त्याला आधीच दिसत होतं.

नूतन बारा तारखेला घाटाखाली, ऊसतोडीच्या मुकादमाकडे मजूर जमतात तिथे शिबिराला गेली होती. तिथेही रेंज नव्हती. धना तिथे भेटला, त्याने नवा नंबर दिला. नूतनने चांगल्या मनाने तो तिच्या फोनमधल्या प्रतीवर लिहिला, वेळ बारा नोव्हेंबर. संध्याकाळी खाली येऊन सिंक मारलं. हेमलता तेव्हा डोंगरात. तिच्या फोनवर जुनीच प्रत. पंधरा तारखेला ती खाली आली, तिचा फोन वर जोडला गेला. वर नूतनची नोंद बारा तारखेची, ही आली अकरा तारखेची. चार ओळींनी त्यांचं काम केलं. बारा मोठी, अकरा लहान; अकरा फेकली. सहा पूर्णांक एक फेकलं, सूज फेकली, अतिजोखीम फेकली. एवढंच करून थांबल्या असत्या तर निदान हेमलताच्या फोनात तिची नोंद राहिली असती. पण वरचं नवं खाली घ्यायचं हेही चुडामणनेच लिहिलेलं. नूतनची नोंद हेमलताच्या फोनात उतरली आणि तिच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं पुसून गेली. मग आली हिरवी खूण. गोलमटोल.

"नूतनने काय बदललं होतं? फक्त नंबर," चुडामण स्वतःशीच बोलला. "रक्ताला तिने हातही लावला नव्हता."

"मग मन्हं रक्त कसं गयं?"

त्याने कोरे कागद घेतले. हे सांगणं त्याला भाग होतं. निदान एवढं कळण्याचा तिला हक्क होता. "सिस्टर, समजा रजिस्टरचं एक पान. त्याच्या दोन झेरॉक्स, एक तुमच्याकडे, एक नूतनकडे. तिने तिच्या झेरॉक्सवर नंबर खोडून नवा लिहिला. तुम्ही तुमच्या झेरॉक्सवर रक्त लिहिलं. दोघींनी पानं परत आणून दिली. माझ्या अ‍ॅपने काय केलं, तर पानावरची तारीख बघितली, नंतरचं पान रजिस्टरला लावलं आणि दुसरं केरात टाकलं. तिच्या पानावर रक्ताच्या रकान्यात जुनाच आकडा होता. तोच राहिला."

"पान काबर टाकनं? दोन्ही पानं शेजारी धरीसन देखाले काय व्हतं?"

चुडामणचं पेन थांबलं. चार वर्षं कॉलेजात आणि पंचवीस वर्षं धंद्यात घालवून तो जिथे पोचला नव्हता तिथे ही बाई एका वाक्यात येऊन बसली होती. लाज वाटण्यासारखंच होतं, आणि त्याला वाटली.

"तेच करायला हवं होतं," तो म्हणाला. "जुनं पान धरायचं, दोन्ही झेरॉक्स शेजारी धरायच्या, आणि कुणी कुठला रकाना बदलला ते बघायचं. नंबर तिचा घ्यायचा, रक्त तुमचं घ्यायचं. भांडणच नव्हतं तुमचं दोघींचं. भांडण मी लावलं."

त्या दुपारी तो जेवला नाही. हेमलता परतीच्या गाडीला जायला उठली तेव्हा त्याने विचारलं, "मी इंदरचंदजींना सगळं सांगणार आहे. पण सांगितलं तर तारीख फिरवल्याचंही बाहेर येईल. तुमची नोकरी..."

"सांगा," ती म्हणाली. "तारीख मी फिरवी, ते बी सांगा. माले नोकरीनं नही वाटत. मी चमेलीले सांगीसन उनू व्हतू, तुन्हं नाव यादीमा टाकं शे, सोमवारे गाडी येई, तठेच बसी ऱ्हाय. ती मन्हा भरोसावर बसनी." जिन्यात ती थांबली. "ती नोंद तेवढी जागावर टाका, भाऊ. बाकी काही नको."

इंदरचंदजींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बैठक झाली. तिघंच जण होते; कोपऱ्यात नूतन सिस्टर पदर मुठीत धरून बसली होती. चुडामणने आधी स्वतःचा सहीचा कागद पुढे ठेवला आणि हा चुकीचा आहे असं सांगितलं. मग रोजनिशीची ओळ दाखवली, मग चार ओळी. नूतनला कळलं तशी ती रडायला लागली. आपल्या नंबराने चमेलीचा जीव घेतला असंच तिच्या मनाने घेतलं, आणि चुडामणने कितीही सांगितलं तरी ते तिथून हललं नाही.

इंदरचंदजी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घड्याळावर विश्वास नाही ठेवायचा, तर मग शेवटचं कुणी लिहिलं हे ठरवणार कसं?"

"ठरवायचंच नाही," चुडामण म्हणाला. "प्रत्येक नोंदीला प्रत क्रमांक द्यायचा. फोनने पूर्ण नोंद पाठवायचीच नाही. फक्त बदललेले रकाने पाठवायचे आणि सांगायचं की मी सातव्या प्रतीवरून लिहिलंय. वर आठवी प्रत झाली असेल, तर सातव्यापासून आठव्यात काय बदललं ते बघायचं. रकाने वेगळे असतील तर दोन्ही घ्यायचे. तिथे फोनच्या घड्याळाला कुणी विचारतच नाही."

"आणि दोघींनी एकच रकाना बदलला तर? एकीने एक पत्ता, दुसरीने दुसरा?"

"मग मशीनने शहाणपणा करायचा नाही. दोन्ही ठेवायचे आणि माणसाला विचारायचं. जोखमीच्या रकान्यात एक होय म्हणते आणि एक नाही म्हणते, तर विचारून होईपर्यंत होय धरायचं. रक्ताचा आकडा तर खोडायचाच नाही. प्रत्येक तपासणी खाली खाली लिहीत जायची. फोनची भाषा, अक्षराचा आकार, असल्या गोष्टींना शेवटचं तेच खरं चालतं. तिथे हरवून हरवणार काय?"

"हे आधी का नाही केलं?"

खोटं बोलायला जागा होती. वेळ कमी होता म्हणता आलं असतं, संस्थेने तसं मागितलं नव्हतं म्हणता आलं असतं, आणि दोन्ही थोडं थोडं खरंही होतं.

"ते चार ओळींचं काम होतं," चुडामण म्हणाला. "हे दोन महिन्यांचं आहे."

इंदरचंदजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग निर्णय सांगितला. हेमलताने भेट दिली होती, हे संस्था लेखी मान्य करेल. पण तारीख बदलल्याचा शेरा तिच्या कागदावर राहील. फॉर्मचं कुलूप काढायचं. उशिरा गेलेल्या भेटीवर 'उशिरा' एवढंच लिहायचं. हे कुलूप कुणी मागितलं होतं ते बैठकीत कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. पण जो मालक तोच विचारणारा, अशा खोलीत हे कोण बोलणार? चुडामणही बोलला नाही. त्या दिवसापुरतं त्याचं धैर्य तेवढंच होतं, आणि ते संपलं होतं.

दोन महिने तो खोलीत कोंडून घेऊन काम करत राहिला. टेबलावर दोन फोन, दोन्हीची रेंज बंद. एकावर नंबर बदलायचा, दुसऱ्यावर रक्त. एकाची तारीख मागे, एकाची पुढे, एकाची पुढच्या वर्षात. मग रेंज चालू करून बघायचं. चौथ्या दिवशी दोन्ही रकाने पहिल्यांदा एकत्र आले तेव्हा त्याला आनंद झाला नाही. काम अवघड होतं, पण इतकंही नव्हतं की आधी करता आलं नसतं. बायको जेवायला हाक मारायची, तो हो म्हणायचा आणि उठायचा नाही.

मार्चात नवं अ‍ॅप पिंपळनेरच्या कार्यालयात गेलं. हेमलताने पुन्हा कामावर यायला नकार दिला होता, पण त्या दिवशी ती आली. तिला एकच बघायचं होतं. नूतनही होती, दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

चुडामणने सगळ्यांच्या समोर नोंद क्रमांक चारशे बारा जुन्या फोनच्या रोजनिशीतून काढली आणि नव्या पद्धतीने वर पाठवली: या नोंदीतले बदललेले रकाने, सातव्या प्रतीवरून. वर नूतनचे दोन बदल होते: नोव्हेंबरातला नंबर, आणि डिसेंबरात तिनेच भरलेली मृत्यूची नोंद. एकाही रकान्यात गाठ पडली नाही. कुणाचंच काही पुसलं गेलं नाही.

पडद्यावर चमेलीबाई धना उघडली. रक्त सहा पूर्णांक एक, चौदा नोव्हेंबर, भेट उशिरा. ही खरी तारीख चुडामणने हेमलताला विचारून दुरुस्त केली होती. तपासणाऱ्या, हेमलता सिस्टर. अतिजोखीम. त्याच्याखाली, मृत. आणि दोन्ही रकाने वेगळे असल्यामुळे, आणि मेलेल्या बाईला अतिजोखीम कशी असेल हे मशीनला कुणी शिकवलं नसल्यामुळे, सोमवारच्या गाडीच्या यादीत चमेलीबाईचं नाव सगळ्यात वर चढलं. नावाशेजारी हिरवं बटण: घरच्यांना फोन करा. नंबर तोच होता, नूतनने घाटाखाली घेतलेला.

चुडामणने घाईने हात पुढे केला. "हे राहिलं. मृत असेल तर यादीतून काढायला हवं, मी आत्ता..."

"ऱ्हाऊ द्या घटकाभर," हेमलता म्हणाली.

तिने फोन स्वतःकडे ओढला. नोव्हेंबरात हे पान असं दिसलं असतं तर काय झालं असतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नंबर एकीकडे होता आणि फोन करायचं कारण दुसरीकडे. दोन्ही एका पानावर असते तर कुणीतरी हे बटण दाबलं असतं, गाडी गेली असती, ऊसतोडीला जाणारा ट्रक तिच्यासाठी थांबला असता. एवढंच लागत होतं.

हेमलताने बटण दाबलं. चुडामणला वाटलं तिला थांबवावं, पण थांबवलं नाही. बराच वेळ रिंग गेली. मग पलीकडे उसाच्या फडातला वारा आणि धनाचा आवाज आला.

"कोण?"

"धना, मी हेमलता सिस्टर बोली ऱ्हायनी." तिचा आवाज स्थिर होता. "तुले एक सांगनं व्हतं भाऊ. मी चमेलीनं नाव टाकं व्हतं. खरंज टाकं व्हतं. आठे चुकनं. आज दिसी ऱ्हायनं."

पलीकडे कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.

"मुकादम सोमवारे निंघी ऱ्हायंता," धना म्हणाला. "चमेली उतरी गयी ट्रकमाईन. सिस्टरनी सांगं शे म्हने, गाडी येई. मंगळवार सकाळपावत बसनूत आम्हीन रस्तावर."